फ्लॅट एकाला, सोनं-ठेवी दोघांना: फरकाची रक्कम कशी काढायची?

शेवंता

आई जाऊन आठ महिने झाले. बाबा आधीच गेले होते. आम्ही तिघं वारस: दादा, मी आणि धाकटा भाऊ. तिघांचे हिस्से समान आहेत, त्याबद्दल वाद नाही. मागे राहिलंय ते असं: एक फ्लॅट, आईचं सोनं आणि मुदत ठेवी. सगळी देणी फेडून झाली आहेत. फ्लॅटमध्ये धाकटा राहतो, त्याच्या मुली तिथेच वाढल्या, फ्लॅट त्यालाच हवा आहे. दादाला आणि मला त्याबद्दल काही म्हणायचं नाही. आम्ही दोघांनी सोनं आणि ठेवी घ्यायच्या आणि जो फरक राहील तो धाकट्याने आम्हाला रोख द्यायचा, इतकं ठरलं आहे.

गाडी अडली आहे ती आकड्यांवर. धाकट्याने व्हॅल्युअर आणला, त्याने फ्लॅटची किंमत ९० काढली (सगळे आकडे लाखांत, सोयीसाठी गोल केले आहेत). मी त्याच इमारतीतल्या जाहिराती पाहिल्या, तिथे १०८ मागतात. दादा म्हणतो, ९० तर ९०, भांडू नका. सोनं आम्ही वजन करून आजच्या भावाने ३६ धरलं. ठेवींच्या पावत्यांवरची बेरीज ३३.६ होते.

आता ९० आणि १०८ मधल्या १८ वरून घरात बोलणं बंद व्हायची वेळ आली आहे. मला भाऊही हवा आहे आणि हिशोबही चोख हवा आहे. कृपया कुणी समजावून सांगा.

वसंतराव

ताई, हे तितकं अवघड नाही. फ्लॅट ९०. तुम्हा दोघांकडे सोनं आणि ठेवी मिळून साधारण ७०. फरक २०. ते २० धाकट्याने तुम्हा दोघांना द्यायचे, १०-१०. झालं बरोबर. आणि व्हॅल्युअर एकच नको, दोन करा. एक त्याने नेमायचा, एक तुम्ही. दोघांची सरासरी घ्या. आमच्याकडे असंच केलं आणि कुणाची तक्रार राहिली नाही.

रानवारा

काहीही सही करू नका. जो आत राहतो त्याचा ताबा असतो आणि ताबा म्हणजे सगळं. माझ्या चुलत्यांनी अशीच गोड बोलून सही घेतली आणि नंतर आमच्या वडिलांचा हिस्साच नाही म्हणाले. आधी हिस्सा कागदावर सिद्ध करून घ्या, मग किमतीचं बोला.

शेवंता

रानवारा, तुमच्या घरी झालं ते वाचून वाईट वाटलं. पण आमच्यात हिस्सा कुणी नाकारत नाहीये. धाकट्याने स्वतः लिहून दिलंय की तिघांचं समान आहे. प्रश्न फक्त किमतीचा आणि फरकाचा आहे.

वसंतराव, १०-१० केलं तर आम्हाला प्रत्येकी ४५ मिळतात आणि त्याच्याकडे ७० उरतात ना? माझं काही चुकतंय का?

तराजू

तुमचं काही चुकत नाही. वसंतरावांनी दोन व्हॅल्युअर सांगितले ते चांगलं आहे, पण बेरजेत गफलत झाली. एका बाजूला एक माणूस आणि दुसऱ्या बाजूला दोन माणसं आहेत. दोन्ही ढिगांतला फरक देऊन समान वाटणी होत नाही. आधी सगळ्याची एक बेरीज, मग भागिले तीन, मग प्रत्येकाच्या हातात आलेलं त्या आकड्याशी ताडून पाहायचं. ज्याच्या हातात जास्त तो जास्तीचं देतो, ज्याच्या हातात कमी तो घेतो. फरकाची रक्कम म्हणजे एवढंच.

पण त्याआधी तुमच्या यादीबद्दल. फ्लॅटच्या १८ वरून तुमचं भांडण चाललंय आणि खरी चूक सोनं-ठेवींत बसली आहे. ती चूक तुमच्या स्वतःच्या विरुद्ध आहे.

ठेवींच्या पावतीवर तुम्ही जी रक्कम पाहिली ती मुदत संपल्यावर मिळणारी असेल. मुदत कधी संपते?

शेवंता

जवळजवळ सगळ्या अजून दीड वर्षाने. आणि हो, मी पावतीवरची शेवटची रक्कमच घेतली.

तराजू

मग ती आजची रक्कम नाही. फ्लॅट आजच्या किमतीला धरायचा आणि ठेव दीड वर्षानंतरच्या, हे एका तागडीत दोन वेगळी वजनं टाकण्यासारखं आहे. मूळ रक्कम आणि आजपर्यंत साचलेलं व्याज तेवढं धरा. वाटणीसाठी ठेव मुदतीआधी मोडावी लागणार असेल तर जे व्याज कापलं जाईल तेही वजा करा. जिथे ठेव आहे तिथे 'आज मोडली तर हातात किती' एवढं विचारलं की लेखी सांगतात.

सोन्याचं वजन कुणी केलं आणि कसं?

शेवंता

घरीच, काट्यावर. खडे असलेले दागिने तसेच ठेवले. आणि भाव पेपरातला, चोख सोन्याचा.

तराजू

म्हणजे दोन्हीकडून फुगलं. खड्यांचं आणि आत भरलेल्या लाखेचं वजन सोन्यात गेलं, आणि २२ कॅरटला २४ चा भाव लागला. एक उदाहरण देतो. खड्यांचा हार काट्यावर ६२ ग्रॅम भरला. खडे आणि लाख वजा करता ५१ राहिले. ते २२ कॅरट, म्हणजे २४ भागांत २२ भाग सोनं. ५१ गुणिले २२ भागिले २४, हातात चोख सोनं पावणेसत्तेचाळीस ग्रॅम. काट्यावरचे ६२ आणि खरे पावणेसत्तेचाळीस! कॅरटचा शिक्का असला तरी जुन्या दागिन्यांवर विसंबू नका, शुद्धता तपासून घ्या. खड्यांना किंमत असेल तर ती वेगळी लिहा. आणि घडणावळ धरू नका. ती ज्या दिवशी दागिना घेतला त्या दिवशी संपली.

सगळे मिळून, तिघांसमोर, एका सराफाकडून निव्वळ वजन आणि शुद्धता लिहून घ्या. मग पुढे बोलू.

मृण्मयी

घडणावळीचं अगदी खरं आहे. आमच्याकडे आईच्या बांगड्या मी घेतल्या आणि हिशोबात खरेदीची पावती लावली. पावती घडणावळीसकट होती. पुढे गरज पडली तेव्हा त्या मोडल्या. भाव तोवर काही खाली आला नव्हता, तरी हातात आले ते वाटणीत माझ्या नावावर लावलेल्या रकमेपेक्षा बरेच कमी. तेव्हा कळलं की ती वजावट मी एकटीने सोसली. बोलायला तोंड नव्हतं, सही केली होती.

शेवंता

चार दिवसांनी लिहिते आहे. तिघंही गेलो होतो. निव्वळ वजन आणि शुद्धतेप्रमाणे सोनं आज ३० होतं. ठेवी आज मोडल्या तर ३०. म्हणजे मी दोन्ही मिळून ६९.६ धरलं होतं ते खरं ६० आहे. वाईट वाटलं, पण निदान कळलं.

तराजू

आता पाहा ही चूक कुणाला महागात पडली असती. फ्लॅट ९० च समजू. जुन्या यादीने बेरीज १५९.६, हिस्सा ५३.२. धाकटा ९० घेतो, म्हणून ३६.८ देतो. कागदावर तुम्हा दोघांचेही ५३.२ झाले, सगळे खूश. पण तुमच्या हातातलं खरं सोनं आणि ठेवी ६० च्याच. ६० अधिक ३६.८ म्हणजे ९६.८, दोघांत वाटून ४८.४. कागद ५३.२ म्हणतो आणि पदरात ४८.४.

खऱ्या यादीने: ९० अधिक ६० म्हणजे १५०. हिस्सा ५०. धाकटा ४० देतो, तुम्ही दोघं सोनं-ठेवींचे ६० आणि हे ४० मिळून ५०-५०. ज्याला जी वस्तू मिळणार आहे ती फुगवून लिहिली तर नुकसान त्याचंच. लोक नेमकं उलट समजतात, सोनं जास्त धरलं की आपल्याला जास्त मिळालं असं वाटतं.

आता तुमच्या १८ कडे येऊ. फ्लॅट १०८ धरला तर बेरीज १६८, हिस्सा ५६, धाकटा देईल ५२. आधी ४०, आता ५२. म्हणजे १८ च्या वादात त्याच्या खिशातून जाणारा फरक १२ आहे, कारण वाढलेल्या किमतीत त्याचाही तिसरा हिस्सा आहे. आणि तुमच्या वाट्याला त्यातले ६ येतात. हे ६ म्हणजे लहान रक्कम नाही. पण तुम्ही १८ साठी भांडत नाही आहात, ६ साठी आहात, हे घरात एकदा मांडून बघा.

वसंतराव

माझी बेरीज चुकली, मान्य. पण मग किंमत ठरवायची कशी? दोन व्हॅल्युअरची सरासरी ९९ आली तरी ताई म्हणणार कमी आणि भाऊ म्हणणार जास्त.

तराजू

सरासरीची एक अडचण आहे. माझा व्हॅल्युअर खूप वरचा आकडा देईल हे मला माहीत असेल तर मी तसाच नेमीन, समोरचाही तसाच खालचा नेमील. आणि व्हॅल्युअर काय सांगतो, तर अनोळखी माणूस काय देईल ते. धाकट्याला ते घर कितीला घ्यायला परवडेल हे त्याला कळत नाही. म्हणून व्हॅल्युअरचा आकडा जवळ ठेवा, पण किंमत तिघांनी ठरवा, बंद पाकिटात.

तिघांनी आपापल्या कागदावर एकच आकडा लिहायचा. आकड्याचा अर्थ नीट समजून घ्या: 'या किमतीला फ्लॅट मला आला तरी चालेल आणि याच किमतीने हिशोब होऊन मला पैसे मिळाले तरी तितकंच चालेल.' पाकिटं एकत्र उघडायची. सर्वांत वरचा आकडा ज्याचा, फ्लॅट त्याचा. हिशोबाची किंमत मात्र वरच्या दोन आकड्यांच्या बरोबर मधली. त्याच एका किमतीने सगळ्यांचे हिस्से काढायचे.

सोनं आणि ठेवींवर पाकिटं नकोत. त्यांना बाजारभाव आहे, त्यांवर मनाची किंमत चालत नाही. एखादा दागिना दोघांना हवा असेल तर फक्त त्यावर.

आणि हा नियम पाकिटं उघडण्याआधी लिहून तिघांच्या सह्या घ्या. आकडे दिसल्यावर नियम ठरवायला बसलात तर प्रत्येकाला स्वतःच्या सोयीचा नियम बरोबर वाटेल.

अभंग

या पद्धतीला जुना आधार आहे. ह्यूगो स्टाइनहाऊस या पोलिश गणितज्ञांनी १९४८ साली न्याय्य वाटणीवर लेख लिहिला, त्यात न तुटणाऱ्या वस्तूंसाठी ब्रोनिस्वाव क्नास्टर यांची पद्धत आहे. वर सांगितली त्यापेक्षा ती थोडी वेगळी आहे. तिच्यात प्रत्येकाचा हिस्सा त्याच्या स्वतःच्या आकड्याने काढतात, मग जे जास्तीचं उरतं ते सारखं वाटतात. मला ती अधिक न्याय्य वाटते, कारण प्रत्येकाला स्वतःच्या मापाने हिस्सा मिळतोच, वर थोडं अधिकही मिळतं.

रानवारा

म्हणजे ज्याच्याकडे पैसा जास्त तो वरचा आकडा लिहिणार आणि घर नेणार. गरीब भावाने काय करायचं?

तराजू

रानवारा, हा आक्षेप खरा आहे. पाकिटात मन किती लिहायला तयार आहे ते दिसतं, खिसा वेगळाच असतो. म्हणून लिहिण्याआधी प्रत्येकाने 'फ्लॅट मला आला तर फरकाचे पैसे कुठून आणीन' हे सांगितलं पाहिजे. ज्याला कर्ज मिळत नाही त्याच्यासाठी हप्ते ठेवता येतात, पण त्याची किंमत आहे, तिच्याकडे येतोच आपण. एका भावाकडे भरपूर आणि दुसऱ्याकडे काहीच नसेल तर ही पद्धत मी सांगणार नाही. तिथे बाहेर विकून पैसे वाटणं जास्त सरळ.

शेवंता

पाकिटं झाली. लिहिताना हात थरथरत होता, खोटं कशाला सांगू. मी १०८ म्हणत होते ना? 'या किमतीला तूच घे' असं स्वतःला विचारलं तेव्हा १०८ लिहवेना. मी लिहिले ९६. दादाने ९०. आणि ९० वर अडून बसलेल्या धाकट्याने स्वतः १०२ लिहिले. तो म्हणाला, मला घर जाईल ही भीती होती.

नियमाप्रमाणे किंमत १०२ आणि ९६ च्या मधली, म्हणजे ९९. बेरीज १५९, हिस्सा ५३. धाकटा ४६ देणार. दादाला आणि मला ५३-५३.

अभंग

अभिनंदन. पण क्नास्टरच्या पद्धतीने काय आलं असतं ते पाहा. तुमच्या मापाने सगळ्याची किंमत १५६, हिस्सा ५२. दादाच्या मापाने १५०, हिस्सा ५०. धाकट्याच्या मापाने १६२, हिस्सा ५४, म्हणजे १०२ चा फ्लॅट घेऊन त्याने ४८ द्यायचे. सोनं-ठेवींचे ६० आणि हे ४८ मिळून १०८. तुम्हाला ५२ आणि दादाला ५० देऊन ६ उरले, ते तिघांत दोन-दोन. तुम्हाला ५४, दादाला ५२, धाकट्याने द्यायचे ४६. तुमचा एक लाख हुकला.

तराजू

अभंग, आकडे तुमचे बरोबर आहेत. धाकटा दोन्हीकडे ४६ च देतो, तेव्हा भांडण त्याच्याशी नाहीच. पण ताईंना ५४ आणि दादांना ५२, हे कशामुळे? दोघांनाही फ्लॅट मिळाला नाही. दोघं पैसेच घेऊन जाणार. ताईंनी कागदावर ६ जास्त लिहिले म्हणून त्यांना दोन जास्त, आणि दादा 'भांडू नका' म्हणाले म्हणून त्यांना कमी. दादाच्या मापाने त्याला ५० हवे होते आणि ५२ मिळाले हे खरं. पण बहिणीच्या हातातले ५४ त्याला दिसणारच, आणि पैसा तर दोघांच्या मापाने सारखाच मोजला जातो. तिघं असले की या पद्धतीत ही खोच राहते. एकाच किमतीने हिशोब केला की घर न मिळालेल्या प्रत्येकाला सारखं मिळतं आणि कुणालाच दुसऱ्याचा वाटा हवासा वाटत नाही: धाकट्याला ९९ ला घर हवंच आहे, तुम्हा दोघांना ९९ ला नको आहे.

शेवंता

दादापेक्षा दोन जास्त घेऊन मला झोप लागली नसती. ५३ च बरोबर.

अभंग

तुमच्या घरी ते चाललं यात आनंद आहे. माझं मत मात्र कायम आहे. एका किमतीच्या नियमात न मिळणाऱ्याने मुद्दाम वर लिहायचा मोह राहतो. ताईंना धाकट्याचा जीव किती अडकलाय ते माहीत होतं. त्यांनी ९६ ऐवजी १०१ लिहिले असते तर किंमत १०१.५ झाली असती आणि त्यांना ५३ ऐवजी जवळजवळ ५४ मिळाले असते.

तराजू

मोह दोन्ही पद्धतींत आहे, हे नाकारत नाही. आळा एकच: अंदाज चुकला तर घर गळ्यात पडतं. ताई १०४ लिहून बसल्या असत्या तर १०३ ला फ्लॅट त्यांचा, आणि जवळजवळ पावणेएकोणपन्नास लाख भावांना द्यायचे. म्हणून पाकीट खरंच बंद असावं आणि कुणाच्या मनात काय आहे याची आधी चाचपणी होऊ देऊ नये. धाकट्यानेही उलट बाजूने खाली लिहिलं असतं तर घर जाण्याचा धोका त्यालाच होता, तो त्याने घेतला नाही.

शेवंता

आता पुढचं. धाकट्याकडे ४६ एकदम नाहीत. २६ तो कर्ज काढून लगेच देऊ शकतो. उरलेले २० तीन वर्षांनी देतो म्हणतो. दादा म्हणतो, चालेल, व्याज नको, भाऊ आहे. मला मात्र माझे पैसे आता हवेत, मुलाच्या शिक्षणासाठी. मी व्याज मागितलं तर वाईट दिसेल का?

मालकंस

ताई, मागा. मी मागितलं नव्हतं. आमच्यात घर बहिणीने घेतलं, माझी रक्कम चार वर्षांत चार हप्त्यांत द्यायची ठरली. व्याज नाही, कागदावर तारीख नाही, कशावर बोजा नाही. हक्क मी आधीच सोडून दिला होता. पहिला हप्ता आला. दुसरा अर्धा आला. मग तिच्या घरी आजारपण निघालं आणि मला विचारायचीही लाज वाटू लागली. आज सात वर्षं झाली. ती वाईट माणूस नाही. कागद तिच्या बाजूने होता आणि अडचण खरी होती, एवढं पुरलं.

तराजू

मालकंस, हे लिहिल्याबद्दल आभार.

ताई, व्याज म्हणजे भावावर अविश्वास नाही. तुमची वाटणी आजच्या किमतीने झाली आहे. तीन वर्षांनी मिळणारे २० आजचे २० नाहीत. तुमच्या ठेवींचा दर साधारण वर्षाला ८ टक्के पडत होता, पावतीवरच्या आकड्यावरून दिसतं तसं. त्या दराने तीन वर्षांनंतरच्या २० ची आजची किंमत १५.९ च्या आसपास होते. म्हणजे ४ पेक्षा जास्त गेले, आणि ते धाकट्याकडे गेले. हा तोटा तुम्हा दोघांत अर्धा-अर्धा धरला तरी, तुम्ही ज्या ६ साठी भांडत होता, त्यातला तिसरा हिस्सा इथून गुपचूप निघून जातो. उलट २० वर व्याज लावलं तर तीन वर्षांनी त्याने साधारण २५.२ द्यायचे.

माझी सूचना अशी. दादांना थांबायला हरकत नाही आणि तुम्हाला पैसे आता हवेत, तर थांबणारी सगळी रक्कम दादांच्या वाट्याला टाका. तुमचे ५३ पूर्ण आता: सोनं, ठेवी आणि त्या २६ मधून. दादांना आता ३३ आणि २० नंतर. त्यांना व्याज सोडायचं असेल तर ती त्यांनी भावाला दिलेली भेट, तुम्ही त्यात येत नाही. पण कागदावर तारीख हवी, उशीर झाला तर काय ते हवं, आणि २० फिटेपर्यंत फ्लॅटवर बोजा नोंदलेला हवा. दादांनी व्याज सोडलं तरी बोजा सोडू नये.

आणि हक्क सोडण्याचा कागद आणि पैसे एकाच बैठकीत. कर्ज देणारे म्हणतील आधी फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर आणा, तुम्ही म्हणाल आधी पैसे. म्हणून कर्जाची रक्कम थेट तुमच्या खात्यावर यायला हवी, त्याच दिवशी. आणि कर्ज देणाऱ्याचा बोजा पहिला आणि दादांचा दुसरा लागेल का, हे आधीच विचारून ठेवा. नाही म्हणाले तर २० साठी दुसरं तारण शोधावं लागेल.

वसंतराव

सोन्याचा भाव रोज हलतो, त्याचं काय? पाकिटं उघडली त्या दिवशीचा ३० चा आकडा कागद होईपर्यंत ३२ होईल.

तराजू

चांगला प्रश्न. सगळ्याची किंमत एकाच दिवसाची, हे ठरवून टाकायचं आणि त्या दिवसानंतरचा चढउतार ज्याच्याकडे वस्तू जाते त्याचा. पण कागद लांबणार असतील तर सोनं हिशोबातून बाहेर काढून तिघांत ग्रॅमवर सारखं वाटणं जास्त बरं. चोख वजन तिघांना सारखं मिळालं की भाव वर गेला काय आणि खाली गेला काय, कुणाचं काही बिघडत नाही. फक्त मग धाकट्याकडेही १० चं सोनं येतं आणि त्याने द्यायची रोख ५६ होते, ते त्याला झेपायला हवं.

शेवंता

झेपणार नाही. आम्ही पंधरा दिवसांत उरकतो, तोवर ठरलेल्या दिवसाचा भाव. दादाने सगळे २० घ्यायचं कबूल केलंय, बोजासकट. त्याला बोजा नको होता, पण मालकंस यांचं लिहिणं मी त्याला वाचून दाखवलं.

आता दोन गोष्टी राहिल्या आहेत. धाकट्याचं म्हणणं, फ्लॅट बाहेर विकला असता तर दलाली आणि कर गेला असता, तेवढं किमतीतून वजा करा. आणि दादाचं म्हणणं, शेवटची सहा वर्षं आईचं सगळं धाकट्याने केलं, त्याचं काही धरायचं की नाही.

अभंग

विक्रीचा खर्च वजा करू नये. विक्री होतच नाहीये. आणि पाकिटात १०२ लिहिताना त्याला हे सगळं माहीत होतं.

तराजू

दलालीबद्दल अभंगशी सहमत. कराबद्दल मात्र मी इतक्या ठामपणे सांगणार नाही. पुढे त्याने कधी घर विकलं आणि आईच्या काळापासूनच्या नफ्यावर त्याला एकट्याला कर बसला, तर तो भार खरंतर तिघांचा होता. तो भार बसतो का आणि किती, हे तुमच्याकडच्या नियमांवर आहे. करतज्ज्ञाला एकदा विचारून आकडा हातात घ्या, मग बोला. पण पाकिटं उघडल्यानंतर किमतीला हात लावायचा नाही. त्याला द्यायचंच असेल तर वेगळी ओळ लिहून द्या.

आईच्या सेवेचं मला सांगता येणार नाही. त्याला व्हॅल्युअर नाही.

मृण्मयी

आमच्याकडे वहिनीने आईचं केलं होतं. आम्ही बहिणींनी वाटणी आधी पूर्ण समान केली, आणि मग आपापल्या वाट्यातून वहिनीला आईची एकेक वस्तू दिली. हिशोबात मिसळलं असतं तर तिला ते मजुरीसारखं वाटलं असतं. तुमच्याकडे काय योग्य ते तुम्हीच जाणा.

शेवंता

मृण्मयी, हे दादाला पटेल असं वाटतं. धाकट्याच्या बायकोने आईचं शेवटपर्यंत केलं. आईच्या पाटल्या माझ्या वाट्याच्या सोन्यात आल्या आहेत. करतज्ज्ञाची भेट सोमवारी आहे. तिथे काय कळतं ते इथे लिहीनच.